घाट वाकडा होऊ नये म्हणून: फोनचे फोटो जोडून रुंद संदर्भचित्र कसे करावे

वाईच्या गणपती घाटाचे दहा फूट बाय तीन फुटांचे चित्र मी काढत होतो. संदर्भासाठी घाटावर उभे राहून फोनच्या पॅनोरमा मोडमध्ये एक झाडू फिरवावा तसा फोन फिरवला, आलेली लांबट पट्टी छापून घेतली आणि तीवरून चौकोन पाडून रेखाटन केले. वाईतच वाढलेले एक आजोबा ते पाहायला आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "सगळं ओळखीचं आहे रे, पण घाट असा धनुष्यासारखा वाकलेला नाहीये. पाण्याकाठची पायरी सरळ जाते." ते बरोबर होते. पायरी सरळ होती, फोनने ती वाकवली होती आणि मी ती वाकडीच उतरवली होती.

सलग दोन आठवड्यांचे रेखाटन पुसावे लागले. तेव्हापासून रुंद दृश्यासाठी मी सुटे फोटो काढतो आणि घरी येऊन संगणकावर जोडतो. फोनचा पॅनोरमा मोड उभ्या चिंचोळ्या पट्ट्या जोडत जातो आणि सगळे दृश्य एका नळकांड्याच्या आतल्या बाजूवर चिकटवल्यासारखे उलगडून देतो. ती उलगडण्याची पद्धत फोनमध्ये नंतर बदलता येत नाही. सुटे फोटो हाताशी असले तर बदलता येते, आणि चित्रकाराला नेमके तेच हवे असते. खाली जे लिहिले आहे ते याच वाईच्या घाटाच्या दुसऱ्या खेपेचे आहे.

घाटावर: लेन्स जागच्या जागी, आपण तिच्याभोवती

दृश्य असे होते. एका टोकाला ढोल्या गणपतीचे देऊळ, मध्ये कृष्णेचे पात्र आणि पलीकडचा काठ, दुसऱ्या टोकाला लांबत जाणाऱ्या पायऱ्या. हे सगळे साधारण १४० अंशांत मावते. देऊळ १७६२ साली रास्त्यांनी बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे म्हणून. चित्रात ती भिंत नीट कळायला हवी होती, म्हणून आकारांची मोडतोड मला परवडणार नव्हती.

फोनचा मुख्य कॅमेरा, म्हणजे पडद्यावर 1x दिसतो तो, उभा धरला तर आडव्या दिशेने सुमारे ५३ अंश आणि उभ्या दिशेने सुमारे ६७ अंश पाहतो. फोनागणिक थोडा फरक पडतो, पण हिशेब करायला हे आकडे पुरतात. 0.5x वापरू नका. एका फोटोत जास्त मावते हे खरे, पण कडांना आकार ताणले जातात आणि बारीक तपशील चिखलासारखा होतो. फोन उभाच धरा. आडवा धरला तर फोटो कमी लागतात, पण वरचे शिखर किंवा पायाशी असलेली पायरी कापली जाते आणि ते घरी आल्यावर कळते.

दर फोटोला मी साधारण २५ अंश वळतो, म्हणजे आधीच्या फोटोचा जवळजवळ निम्मा भाग पुढच्यात पुन्हा येतो. अंश मोजायची गरज नाही. पहिल्या फोटोत अगदी मधोमध असलेली एखादी खूण, समजा एखादा खांब, पुढच्या फोटोत कडेला जाईपर्यंत वळायचे. १४० अंशांसाठी असे पाच फोटो लागतात. मी दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा घेतो, कारण जोडल्यावर कडा वेड्यावाकड्या येतात आणि त्या छाटाव्या लागतात. एकूण सात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण सवयीने हात पुढे करून फोन धरतो आणि कमरेतून वळतो. तेव्हा फोन आपल्याभोवती गाडीच्या चाकासारखा फिरतो. लेन्स आणि आपला कणा यांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर २५ अंशांच्या एका वळणात लेन्स सुमारे २२ सेंटिमीटर सरकते. पलीकडचा काठ साठ मीटरवर असेल तर या सरकण्याने त्याची जागा फोटोत दहा-अकरा पिक्सेलने हलते. पण तीन मीटरवरची पायरी दोनशेहून जास्त पिक्सेल हलते. म्हणजे काठ जुळवला तर पायरी दुहेरी दिसते, पायरी जुळवली तर काठ तुटतो. हे कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ण दुरुस्त करू शकत नाही, कारण दोन फोटोंत खरोखरच दोन वेगळी दृश्ये आहेत. एक डोळा मिटून बोट समोर धरा आणि मग डोळा बदला, बोट मागच्या भिंतीवर उडी मारते. तसेच हे.

यावर उपाय गवंड्याकडे आहे: ओळंबा. एक दोरा घ्या, त्याच्या एका टोकाला नट किंवा किल्ली बांधा, दुसरे टोक फोनच्या मागे लेन्सच्या अगदी खाली चिकटपट्टीने लावा. ओळंबा जमिनीला न टेकता बोटभर वर लोंबत राहील एवढी लांबी ठेवा. खाली एक खडा ठेवा किंवा खडूने फुली मारा. आता प्रत्येक फोटोच्या आधी ओळंबा फुलीवर आणायचा आणि थांबला की फोटो काढायचा. आपण स्वतः त्या फुलीभोवती पावले टाकत फिरायचे, लेन्स मात्र जागच्या जागी वळते. हात थोडा हलतोच, पण चूक दोन सेंटिमीटरच्या आत राहते. मग तीन मीटरवरची पायरी दोनशेऐवजी वीसेक पिक्सेल हलते आणि पलीकडचा काठ जेमतेम एक. वीस पिक्सेल सांध्यात लपवता येतात.

तिपाई असली तरी हा दोरा एकदा लावून पाहा. फोन अडकवायचा चिमटा लेन्सला तिपाईच्या आसापासून बरीच बाजूला ठेवतो, ते ओळंब्याने लगेच दिसते.

उजेडाचे काय करायचे ते थोडक्यात. फोन प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो, त्यामुळे आकाशाकडचा फोटो काळवंडतो आणि देवळाकडचा उजळतो. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत उजेड आणि फोकस कुलूपबंद होतात. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरे येतात, अँड्रॉइडवर बहुधा कुलपाचे चिन्ह. हे बोट आकाशावर दाबू नका, पायऱ्यांच्या दगडावर दाबा, कारण तो मध्यम उजेडाचा असतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही एकाच आकड्यावर बांधून टाका. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू ठेवा आणि फोन वर-खाली न झुकवता समोर सरळ धरा.

सगळी मालिका दोनदा घ्या, डावीकडून उजवीकडे. पाणी भरायला, कपडे धुवायला माणसे येत-जात असतात. पहिल्या फेरीत जिथे कोणी मध्ये आले असेल तिथे दुसऱ्या फेरीतला फोटो कामी येतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मी स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढतो. घरी दोनशे फोटोंत मालिका कुठे संपली ते शोधायला तो तळहात फार उपयोगी पडतो.

फोनमधून संगणकावर

इथे बरेच जण फसतात. फोटो व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून संगणकावर उतरवू नका. तिथे फोटो लहान होतो आणि त्याच्याबरोबर असलेली लेन्सची माहितीही गळून पडते. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला ती माहिती लागते, नाहीतर फोटो किती अंशांचा आहे हे ते तुम्हालाच विचारते. केबल लावा, किंवा व्हॉट्सअॅपच वापरायचे तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनचे HEIC फोटो आधी JPEG करून घ्या. पुढच्या वेळेसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Most Compatible निवडून ठेवा. फोटो छाटू नका, फिल्टर लावू नका, उजळ करू नका. एकाही फोटोचा आकार बदलला तर लेन्सचा हिशेब चुकतो.

हगिनमध्ये जोडणी

मी Hugin, म्हणजे हगिन, हे फोटो जोडणारे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि उलगडण्याच्या जितक्या पद्धती त्यात आहेत तितक्या फोनच्या कोणत्याही अॅपमध्ये मी पाहिल्या नाहीत. उघडल्यावर साधी खिडकी येते. Assistant या टॅबवर Load images ने सातही फोटो घ्या आणि Align दाबा. संगणक शेजारच्या फोटोंतल्या सारख्या जागा शोधतो, त्यांना जोडबिंदू म्हणू, आणि त्यांवरून कोणता फोटो किती वळलेला आहे ते ठरवतो. थोड्या वेळाने जोडलेले चित्र दिसते आणि सरासरी चूक किती पिक्सेल आहे ते कळते.

दोन-तीन पिक्सेलांपर्यंतची सरासरी माझ्या कामाला चालते. त्यापेक्षा जास्त आली तर Interface मेन्यूतून Advanced निवडा, म्हणजे मोठी खिडकी उघडेल. तिथे F3 दाबले की सगळ्या जोडबिंदूंचा तक्ता येतो. Distance या रकान्यावर टिचकी मारली की सगळ्यात चुकलेले बिंदू एका टोकाला गोळा होतात.

वाईच्या फोटोंत पहिल्या खेपेला सरासरी सात पिक्सेल आली. तक्त्यातला सगळ्यात वाईट बिंदू उघडून पाहिला तर तो पाण्यावरच्या चकाकीवर बसला होता. एका फोटोत लाटेचा एक कवडसा, दुसऱ्यात दुसराच, आणि संगणकाने दोन्ही एकच समजले. असे अकरा बिंदू पाण्यावर होते, तीन एका वाळत घातलेल्या साडीवर आणि एक बसलेल्या बगळ्यावर. हे सगळे काढून टाकले आणि Photos टॅबवर पुन्हा Calculate करून हिशेब लावला, तेव्हा सरासरी दोनच्या खाली आली. लक्षात ठेवायचे ते एवढेच की हलणाऱ्या वस्तूवर बिंदू नको: पाणी, ढग, झाडाचा शेंडा, कापड, माणसे. बिंदू दगडावर, खिडकीच्या कोपऱ्यावर, शिखराच्या कळसावर हवेत.

फोन जरा खाली झुकलेला असला तर सगळे दृश्य रुसलेल्या तोंडासारखे वाकते. Move/Drag टॅबवर Straighten हे बटण आहे, त्याने बरेचसे निवळते. उरलेले उभ्या रेषांनी दुरुस्त करा. Control Points टॅबवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच फोटो घ्या, देवळाच्या कोपऱ्याच्या वरच्या टोकाला एक बिंदू आणि खालच्या टोकाला दुसरा द्या, आणि प्रकार Vertical line निवडा. अशा दोन-तीन रेषा वेगवेगळ्या फोटोंत देऊन Photos टॅबवर पुन्हा Calculate केले की पुरे.

इथे एक सापळा आहे. नदीच्या पलीकडचा काठ आडवा दिसतो म्हणून त्यालाच आडवी रेषा मानायचा मोह होतो. मानू नका. काठ एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतो, त्यामुळे तो फोटोत तिरका यायलाच हवा. त्याला जबरदस्तीने आडवा केला तर देऊळ कलते. समुद्राचे क्षितिज सोडले तर आडव्या रेषेवर विश्वास ठेवण्यासारखे घाटावर काही नसते. उभ्या भिंतींवर ठेवा.

उलगडायचे कसे: इथे घाट वाकतो किंवा सरळ होतो

आता आजोबांच्या तक्रारीकडे येऊ. Projection टॅबवर दृश्य कसे उलगडायचे ते निवडता येते. चित्रकाराने तीन प्रकार समजून घेतले की काम भागते.

पहिला Cylindrical, म्हणजे नळकांडे. फोनचा पॅनोरमा मोड हेच देतो. यात उभ्या रेषा सरळ राहतात, डोळ्याच्या पातळीवरची आडवी रेषा सरळ राहते, आणि बाकी सगळ्या आडव्या रेषा वाकतात. किती वाकतात ते वाईच्याच पायरीवर पाहू. पाण्याला लागलेली पायरी माझ्यासमोर सहा मीटरवर आणि डोळ्यापासून दोन मीटर खाली होती. माझ्या फोनच्या फोटोत, ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलांच्या, ही पायरी मधोमध डोळ्याच्या रेषेखाली सुमारे १०१० पिक्सेलांवर येते. तीच पायरी बाजूला ६० अंशांवर पाहिली तर ती माझ्यापासून बारा मीटर लांब असते, म्हणून ती डोळ्याच्या रेषेखाली फक्त ५०५ पिक्सेलांवर येते. म्हणजे एकाच सरळ पायरीची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा पाचशे पिक्सेल वर उचलली जातात. धनुष्य तयार झाले ते असे. यात फोनची काही चूक नाही. लांब गेलेली वस्तू डोळ्याच्या रेषेकडे सरकते हे खरेच आहे, फक्त समोर बघताना आपण एका वेळी एवढे रुंद पाहत नाही.

याची उलटी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. अशा गोल वळणाच्या कुशीत, सगळ्या बाजूंनी पायऱ्या सारख्याच अंतरावर येतील अशा जागी उभे राहून फोन फिरवला, तर पायऱ्या नळकांड्याच्या चित्रात सरळसोट येतात. खरा वळलेला घाट सरळ आणि खरा सरळ घाट वळलेला. म्हणून उभे कुठे होतो आणि घाटाचा खरा आकार काय, याचे दोन रेघांचे टिपण वहीत त्याच दिवशी करून ठेवा. महिन्याभराने ते नुसत्या पॅनोरमावरून आठवत नाही.

दुसरा Rectilinear. यात सगळ्या सरळ रेषा सरळच राहतात, साध्या फोटोसारख्या. पण किंमत कडांना मोजावी लागते. मध्यापासून ४५ अंशांवर वस्तू दुप्पट रुंद होते, ६० अंशांवर चौपट, ७० अंशांवर साडेआठ पट. उंचीही वाढते, पण कमी प्रमाणात, म्हणून ६० अंशांवरची गोल घागर उंचीच्या दुप्पट रुंद दिसते. मी १४० अंशांचे दृश्य असे उलगडून पाहिले तेव्हा चित्र साडेसोळा हजार पिक्सेल रुंद झाले आणि कडेचे देऊळ एखाद्या जहाजासारखे पसरले. ९० अंशांपर्यंत हा प्रकार उत्तम, १०० पर्यंत चालवून घेता येतो, पुढे नाही.

तिसरा Panini. १८व्या शतकात रोमच्या देवळांचे आणि दालनांचे रुंद देखावे रंगवणाऱ्या जोव्हान्नी पाओलो पानिनी या चित्रकाराचे नाव त्याला दिले आहे. आपल्या व्याकरणकार पाणिनींशी त्याचा संबंध नाही. यात उभ्या रेषा सरळ राहतात, आणि चित्राच्या मध्यातून निघून बाहेर जाणाऱ्या रेषाही सरळ राहतात. गल्ली, बाजारपेठ, देवळाचा सभामंडप, म्हणजे जिथे सगळे समोरच्या एका बिंदूकडे धावते, तिथे हा प्रकार इतका नैसर्गिक दिसतो की दृश्य १४० अंशांचे आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. समोरून आडवी जाणारी पायरी मात्र यातही वाकते, नळकांड्यापेक्षा कमी.

मग वाईच्या आडव्या पायरीचे काय केले? एका पद्धतीने काम होईना, म्हणून चार चित्रे काढून घेतली. एक नळकांड्याचे पूर्ण १४० अंशांचे. ते फक्त कोणती वस्तू कुठे येते आणि एकमेकांच्या तुलनेत केवढी, हे पाहायला. आणि तीन Rectilinear, प्रत्येकी ७० अंशांची: एकाचा मध्य देवळावर, दुसऱ्याचा पात्रावर, तिसऱ्याचा लांबत जाणाऱ्या पायऱ्यांवर. हे करायला पुन्हा जोडणी लागत नाही. प्रकल्प वेगळ्या नावाने जतन करायचा, Move/Drag मध्ये चित्र ओढून हवा तो भाग मध्यावर आणायचा, Projection मध्ये Rectilinear निवडून रुंदीचे अंश ७० करायचे. देवळाची भिंत, खिडक्या, पायऱ्यांचे कोपरे हे सगळे मी या तीन चित्रांवरून काढले आणि नळकांड्याच्या चित्राने ठरवलेल्या जागी बसवले. पाण्याकाठची पायरी चित्राच्या मधल्या भागात सरळ ठेवली आणि टोकांना अगदी हलकी वर घेतली, फूटपट्टी लावल्याशिवाय कळणार नाही इतकी. ती किती उचलायची हा निर्णय चित्रकाराचा आहे. सॉफ्टवेअरवर सोडला तर ते आपल्या गणिताने घेते.

सांधे

Stitcher टॅबवर Calculate Field of View, मग Calculate Optimal Size, मग Fit Crop to Images, या क्रमाने बटणे दाबा. ७० अंशांच्या तीन चित्रांसाठी पहिले बटण सोडा, नाहीतर ठरवलेले ७० अंश बदलतात. TIFF निवडा आणि Stitch! करा. तयार चित्र छोटे करून पाहू नका. पूर्ण आकारात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत पाहा.

दोष कशाचा आहे हे दोषाच्या जागेवरून कळते. जवळची पायरी दुहेरी दिसते आणि पलीकडचा काठ स्वच्छ आहे, तर लेन्स सरकली होती. जवळचे-लांबचे सगळेच दुहेरी आहे, तर जोडबिंदू चुकलेत, तक्त्याकडे परत जा. आकार बरोबर आहेत पण आकाशात उभे पट्टे दिसतात, तर उजेड कुलूपबंद झाला नव्हता. एखाद्या माणसाला तीन पाय आहेत, तर तो चालत होता.

माझ्या चित्रात दोन ठिकाणी सांधा फसला. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये, अगदी पायाजवळच्या पायरीची कड एका जागी चौदा-पंधरा पिक्सेलांनी तुटली होती. मी त्या पायरीवरचे जोडबिंदू काढून टाकले, म्हणजे हिशेब लांबच्या वस्तूंवर बसला. मग Masks टॅबवर चौथ्या फोटोतला पायरीचा तेवढा भाग बहुभुज काढून Exclude region ने वगळला. वगळलेला भाग तांबडा दिसतो. आता ती पायरी अख्खी तिसऱ्या फोटोतून आली आणि सांधा पायरी संपते तिथल्या सावलीत गेला. सांधा नेहमी अशा ठिकाणी ढकला: सावली, झुडूप, शेवाळलेला दगड, पाणी. लांब सरळ कडेवर तो कधीच लपत नाही.

दुसऱ्या ठिकाणी बादली घेऊन उतरणारी एक बाई पाचव्या फोटोत पूर्ण होती आणि सहाव्यात अर्धी. ती मला चित्रात हवी होती. पाचव्या फोटोत तिच्याभोवती Include region चा हिरवा बहुभुज काढला आणि ती जशीच्या तशी आली. नको असलेल्या माणसांसाठी याच्या उलट, Exclude region. पण तो माणूस दोन्ही फोटोंत त्याच जागी उभा असेल तर वगळून काही होत नाही, मागचे दृश्य कोणत्याच फोटोत नसते. तिथे दुसऱ्या फेरीतला फोटो आठवा ठरून आत येतो.

रंगासाठी या जोडलेल्या चित्रावर पूर्ण भिस्त ठेवू नका. फोटोंचा उजेड एकमेकांशी जुळवताना हगिन काहींना उजळ आणि काहींना गडद करते. पाण्याचा हिरवा आणि दगडाचा तांबूस काळा यांसाठी मी मूळ सुटे फोटो आणि जागेवर केलेला जलरंगाचा छोटा तुकडाच समोर ठेवतो.

कागदावर घेताना

नळकांड्याचे चित्र १४० अंशांना सुमारे ७४०० पिक्सेल रुंद आले. माझा कॅनव्हास दहा बाय तीन, म्हणून त्या प्रमाणात उंची सुमारे २२२० पिक्सेल ठेवून छाटले. मग एका फुटाचा एक चौकोन म्हणजे ७४० पिक्सेल, आणि आडवे दहा, उभे तीन असे तीस चौकोन पडतात. छाटण्याच्या आधी एक काम विसरू नका. डोळ्याच्या पातळीची रेषा चित्रावर लाल रंगाने आखून ठेवा. Straighten झाल्यावर ती हगिनच्या न छाटलेल्या पूर्ण चौकटीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असते, Fit Crop नंतर असेलच असे नाही. वर-खाली असमान छाटले की ती कुठे होती ते ओळखता येत नाही, आणि तिच्याशिवाय कोणती पायरी किती वाकली होती हे मागे जाऊन मोजता येत नाही.

२०० डीपीआयने छापले तर हे चित्र ३७ इंच लांब होते. तीन ए-थ्री कागद उभ्या बाजूने नव्हे तर लांबीच्या बाजूने एकापुढे एक चिकटवले की मावते. त्याच्याखाली तीन Rectilinear चित्रे त्याच क्रमाने लावा आणि दोन्हींत सापडणाऱ्या पाच-सहा जागांना, समजा कळस, देवळाचा कोपरा, वडाचे खोड, पायरीचा तुटलेला दगड, सारखेच क्रमांक द्या. देवळाचा कोपरा काढताना नजर वरच्या चित्रातल्या ३ क्रमांकावरून जागा घेते आणि खालच्या चित्रातल्या ३ क्रमांकावरून आकार.

दुसरे रेखाटन झाल्यावर आजोबांना पुन्हा बोलावले. त्यांनी पायरीवरून बोट फिरवत नेले आणि तिसऱ्या फुटाशी थांबून म्हणाले, "हा दगड निसटलेला आहे, पाय जपून ठेवायचा इथे." तो दगड फोटोतही निसटलेलाच होता.